जमीन आरोग्य पत्रिका: आकडे वाचायचे कसे, गोण्या मोजायच्या कशा

(आपल्या रेडिओवरच्या 'शेतीच्या गोष्टी' या भागात तालुक्याच्या कृषी अधिकारी मॅडमशी झालेल्या गप्पा. ज्या गटांना भाग ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी आपापली पत्रिका समोर ठेवावी.)

निवेदिका : उन्हाळी धान कापणीला आलं आहे. ज्यांच्याकडे उन्हाळी पीक नाही त्यांच्या बांध्या रिकाम्या पडल्या आहेत. मृग लागायला अजून वेळ आहे. म्हणून आज मातीची गोष्ट काढली आहे. मॅडम, आधी थेट विचारते. आमच्या गटातल्या बऱ्याच जणींच्या घरी जमीन आरोग्य पत्रिका आहे. बहुतेक ठिकाणी ती सातबाऱ्याच्या पिशवीत घडी करून ठेवलेली असते. तिचं करायचं काय?

कृषी अधिकारी : पत्रिका बाहेर काढली की पहिला प्रश्न विचारायचा, ही माती कुणाच्या बांधीची?

निवेदिका : म्हणजे? नाव तर आमच्या घरचंच आहे त्यावर.

कृषी अधिकारी : नाव तुमचं असेल, माती तुमची असेलच असं नाही. ही योजना केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केली. तेव्हा देशभरातल्या प्रत्येक शेतातून माती घेणं शक्य नव्हतं. म्हणून नकाशावर चौकोन पाडले. ओलिताच्या भागात अडीच हेक्टरला, म्हणजे साधारण सव्वासहा एकराला एक नमुना. कोरडवाहू भागात दहा हेक्टरला, म्हणजे जवळपास पंचवीस एकराला एक नमुना. त्या चौकोनात जेवढे शेतकरी आले, त्या सगळ्यांच्या पत्रिकेवर एकाच नमुन्याचे आकडे छापले गेले.

निवेदिका : अस्सं! तरीच शेजारणीची आणि माझी पत्रिका सारखीच निघाली.

कृषी अधिकारी : शेजारणीच्या पत्रिकेशी ताडून पाहा. सगळे आकडे तंतोतंत सारखे असतील तर ती चौकोनाची पत्रिका आहे. ती अगदीच निरुपयोगी नाही, भागाचा अंदाज तिच्यातून येतो. पण आपल्या गोंदियात पंचवीस एकरात माती किती बदलते ते तुम्हीच सांगा. वरच्या अंगाला सिहार असते, पिवळसर आणि हलकी. मधे मोरंड लागते. खाली नाल्याकडे कन्हार, काळी आणि चिकट. ओल्या मातीचा गोळा करून हातावर वळा. सिहारची वळी मोडते, कन्हारची बांगडीसारखी गोल वळते. इतका फरक बोटांना कळतो, तर एकच पत्रिका दोघींना कशी लागू पडेल? म्हणून मी सांगते, आपल्या बांधीची माती आपण काढायची. आणि वरची बांधी, खालची बांधी यांचे नमुने वेगळे ठेवायचे.

निवेदिका : माती काढायची कधी आणि कशी? टोपलीभर माती उचलून दिली तर चालेल का?

कृषी अधिकारी : नाही चालणार. प्रयोगशाळेत शेवटी चमचा-दोन चमचे माती तपासली जाते. तेवढ्या मातीने सगळ्या बांधीची साक्ष द्यायची असते. म्हणून ती नीट गोळा करावी लागते. वेळ हीच, पीक निघाल्यानंतरची आणि शेणखत टाकायच्या आधीची. आधी खत पडलं तर आकडा खताचा येतो, मातीचा येत नाही.

बांधीत नागमोडी चालायचं आणि आठ-दहा जागा धरायच्या. धुऱ्याजवळची, झाडाखालची, उकिरड्याची, बैल बांधतात तिथली जागा सोडून द्यायची. प्रत्येक जागी वरचा काडीकचरा बाजूला करून साधारण एक वीत खोल, व्ही अक्षरासारखा, म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा करायचा. आतली माती फेकून द्यायची. मग खड्ड्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरपासून तळापर्यंत खरवडून घ्यायची. धानाची मुळं तेवढ्याच थरात जेवतात.

निवेदिका : आणि सगळ्या जागांची माती एकत्र करायची?

कृषी अधिकारी : हो. स्वच्छ कापडावर ओतून ढेकळं फोडायची, खडे काढायचे, चांगली कालवायची. गोल पसरून भाकरीचे चार चतकोर करतो तशा रेघा मारायच्या. समोरासमोरचे दोन चतकोर टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे. असं करत अर्धा किलो माती राहीपर्यंत जायचं. ती सावलीत सुकवायची, उन्हात नाही. मग कापडी किंवा नव्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायची. चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर, तारीख, आधीचं पीक आणि पुढे घ्यायचं पीक लिहायचं. चिठ्ठी लिहायला गटातली शाळेत जाणारी मुलगी पुरते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. युरियाच्या रिकाम्या गोणीत माती भरू नका, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत तर मुळीच कालवू नका. गंजलेली खुरपीही नको. बादलीचं जस्त मातीला लागतं. मग खरी कमतरता असूनही अहवालात 'जस्त पुरेसं' असं येतं. आपल्या धानाच्या बांध्यांसाठी नेमका तोच आकडा महत्त्वाचा आहे.

निवेदिका : जस्ताकडे येऊच. पण मॅडम, पत्रिकेवर बारा ओळी असतात. आमच्यातल्या कितीतरी जणी सही करण्यापुरत्या शिकलेल्या आहेत. त्यांना हे कसं समजावता?

कृषी अधिकारी : बारा ओळी एकदम समजावत नाही. धानासाठी आधी पाच ओळी पाहायच्या: सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि जस्त. आम्ही गटात बसतो तेव्हा रंगीत टिकल्या घेऊन बसतो. ज्या ओळीत 'कमी' लिहिलंय तिथे लाल टिकली, 'मध्यम' तिथे पिवळी, 'जास्त' किंवा 'पुरेसं' तिथे हिरवी. मग वाचता येवो न येवो, पत्रिका बोलायला लागते.

दुसरं म्हणजे हेक्टर हा शब्द आम्ही बैठकीत काढतच नाही. पत्रिकेवर 'किलो प्रति हेक्टर' असतं. पण बाईच्या डोक्यात एकर असतो आणि हातात गोणी असते. म्हणून जे सांगायचं ते एकराला किती गोण्या, असं.

निवेदिका : मग एक पत्रिका घेऊन आम्हाला करून दाखवा ना.

कृषी अधिकारी : दाखवते. समजा, एका ताईची एक एकर बांधी आहे. मध्यम मुदतीचं धान रोवायचं आहे. तिच्या पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.४६, म्हणजे कमी, लाल टिकली. नत्र २१०, तेही कमी, लाल. स्फुरद १५, मध्यम, पिवळी. पालाश ३१०, जास्त, हिरवी. जस्त ०.४२. जस्ताची रेघ ०.६ वर आहे. त्याच्या खाली आलं की कमतरता. म्हणून तिथेही लाल.

आता आपल्या भागात रोवणीच्या धानाला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही साधारण शिफारस आहे. एकराला धरलं तर ४०, २० आणि २०. हे झालं मध्यम मातीचं. पत्रिकेत लाल असेल तर साधारण पाव हिस्सा वाढवायचा, हिरवं असेल तर पाव हिस्सा कमी करायचा. पिवळं असेल तर आहे तेवढंच ठेवायचं.

या ताईचं नत्र लाल आहे, म्हणून ४० चे झाले ५०. स्फुरद पिवळं, ते २० च राहिलं. पालाश हिरवं, २० चे झाले १५.

निवेदिका : आणि गोण्या?

कृषी अधिकारी : तेच सांगते. युरियाची गोणी ४५ किलोची आणि तिच्यात साधारण निम्मं नत्र, नेमकं सांगायचं तर ४६ टक्के. ५० किलो नत्रासाठी अडीच गोण्या युरिया लागतो. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या गोणीत ८ किलो स्फुरद असतं, म्हणून २० किलोला अडीच गोण्या सुपर. पोटॅशच्या ५० किलोच्या गोणीत ३० किलो पालाश, म्हणून १५ किलोला अर्धी गोणी. लक्षात ठेवायला सोपं आहे. अडीच, अडीच आणि अर्धी. ही या एका ताईच्या बांधीची बेरीज झाली. तुमच्या टिकल्या वेगळ्या तर गोण्याही वेगळ्या.

निवेदिका : मॅडम, नत्र लाल आहे म्हटल्यावर आमची माणसं युरिया आणखी ओततील. तीच गोणी सगळ्यात स्वस्त पडते.

कृषी अधिकारी : ओततात, आणि तिथेच घोळ होतो. युरिया एकदम टाकला तर धान आठ दिवसांत काळंभोर हिरवं दिसतं. बघायला बरं वाटतं. पण तसं कोवळं, लुसलुशीत धान तुडतुड्यांना आणि करपा रोगाला आवडतं. पुढे ते लोळतंही. शिवाय युरिया पाण्यात विरघळतो. आपल्याकडे वरच्या बांधीचं पाणी खालच्या बांधीत उतरतं. भरल्या पाण्यात युरिया फेकला आणि रात्री पाऊस आला, तर तुमच्या पैशाचं खत दुसऱ्याच्या बांधीत जातं.

म्हणून अडीच गोण्यांचे तीन वाटे करायचे. सगळं सुपर, सगळं पोटॅश आणि सव्वा गोणी युरिया रोवणीच्या वेळी. उरलेल्या सव्वा गोणीचे दोन सारखे भाग. पहिला भाग फुटवे येताना, रोवणीनंतर साधारण महिन्याने. दुसरा भाग लोंबी पोटात धरायच्या वेळी. तेव्हा धानाचा चपटा बुंधा बोटांना गोल लागायला लागतो. ही खूण बायकांना लवकर कळते, कारण निंदणाच्या वेळी धान त्यांच्या हातात असतं. प्रत्येक वेळी आधी पाणी काढून चिखल ठेवायचा, युरिया द्यायचा आणि एक-दोन दिवसांनी पाणी घ्यायचं.

निवेदिका : सव्वा गोणीचा अर्धा भाग शेतात मोजायचा कसा? तिथे काटा कुठे?

कृषी अधिकारी : घरातला एक डबा घ्या. किराणा दुकानात त्यात एक किलो युरिया तोलून घ्या आणि जिथपर्यंत भरला तिथे नखपॉलिशने रेघ मारा. तो डबा युरियाचाच ठेवायचा, घरात परत वापरायचा नाही. एकराला एका वेळचा तो भाग साधारण २८ किलो होतो. तुमची बांधी पाव एकराची असेल तर रेघेपर्यंत सात डबे. आठवा डबा भरायचा नाही. एवढं गणित खडे मांडूनही होतं. पण सुपर आणि पोटॅशला हीच रेघ चालत नाही. त्यांचं वजन वेगळं भरतं, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या डब्यांवर रेघ मारा.

निवेदिका : सेंद्रिय कर्ब लाल होता, त्याचं काय करायचं?

कृषी अधिकारी : त्याला गोणी नाही. शेणखत, धुऱ्यावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडणं आणि तणस न जाळणं, हेच उपाय आहेत. एकरी आठेक बंड्या कुजलेलं शेणखत पडत असेल, तर युरियाचा जो पाव हिस्सा आपण वाढवला त्यातला बराचसा तिथूनच भागतो. मग दोन गोण्या युरियावर थांबता येतं. पण कर्बाचा आकडा एका हंगामात हलत नाही. तीन वर्षांनी पुन्हा तपासल्यावर फरक पाहायचा.

निवेदिका : आता जस्त. आमच्याकडे एका श्रोत्या ताईने कळवलंय. रोवणीनंतर वीस-पंचवीस दिवसांनी त्यांच्या बांधीत धान जागोजागी बसून गेलं, खालच्या पानांवर गंजासारखे डाग आले. करपा समजून दोन वेळा औषध फवारलं, तरी फरक पडला नाही. पैसे बचत गटातून उचललेले होते.

कृषी अधिकारी : बांधी पाहिल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण ही लक्षणं खैऱ्याची आहेत. खैरा म्हणजे जस्ताची कमतरता. १९६६ साली पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. नेने यांनी हे दाखवून दिलं. तोपर्यंत हा बुरशीचा किंवा विषाणूचा रोग असावा असंच वाटत होतं. जिथे पोटात अन्नच नाही, तिथे तापाचं औषध देऊन काय उपयोग?

निवेदिका : मग करपा कोणता आणि खैरा कोणता, हे ओळखायचं कसं?

कृषी अधिकारी : तीन गोष्टी पाहा. पहिली, वेळ. खैरा बहुधा रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत दिसतो. दुसरी, डाग. करप्याचा डाग डोळ्याच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे राखाडी असतो. खैऱ्याचे डाग बारीक, तांबूस असतात आणि पसरत जाऊन अख्खं जुनं पान लोखंड गंजल्यासारखं दिसतं. कोवळ्या पानाची मधली शीर बुडाशी फिकट पडते. तिसरी, धानाची उंची. खैऱ्यात रोपटं खुंटतं आणि बांधीत चट्टे पडतात, जिथे पाणी सतत साचतं तिथे जास्त.

निवेदिका : पाणी साचल्याने जस्त कमी होतं?

कृषी अधिकारी : मातीत असतं, पण सतत पाण्याखाली ते मातीशी असं बांधलं जातं की मुळांना मिळत नाही. डब्यात डाळ आहे पण झाकण उघडत नाही, तसं. म्हणून जिथे खरीप आणि उन्हाळी अशी दोन्ही धानं घेतात, तिथे मी आधी जस्ताची ओळ पाहायला सांगते. सपाटीकरणात वरची माती खरवडून नेलेल्या बांधीतही हे होतं.

निवेदिका : उपाय?

कृषी अधिकारी : पत्रिकेत जस्त लाल असेल तर रोवणीआधी, शेवटच्या चिखलणीत एकरी १० किलो झिंक सल्फेट. ते कोरड्या मातीत कालवून सारखं फेकायचं. सुपर फॉस्फेट किंवा डीएपीमध्ये मात्र मिसळायचं नाही. एकत्र केलं की दोघं एकमेकांना धरून बसतात आणि धानाला मिळत नाहीत. एकदा टाकलेलं जस्त दोन-तीन हंगाम पुरतं, दरवर्षी टाकायची गरज नाही.

आणि उभ्या पिकात खैरा दिसलाच, तर आधी पाणी काढून बांधीला दोन-तीन दिवस हवा लागू द्या. मग १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना घेऊन फवारा. चुना आदल्या रात्री वेगळ्या पाण्यात भिजवायचा आणि सकाळी वरची निवळी गाळून घ्यायची. चुना वगळला तर नुसत्या झिंक सल्फेटने पानं भाजतात. साधारण दहा दिवसांनी दुसरी फवारणी. नवी पानं स्वच्छ हिरवी निघू लागली की समजायचं, निदान बरोबर होतं. जुनी गंजलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. त्यांच्याकडे पाहून घाबरू नका.

निवेदिका : आमच्या काही जणी ठेक्याने जमीन करतात. पत्रिका मालकाच्या घरी असते.

कृषी अधिकारी : मालकाकडून गट नंबर घ्या आणि माती स्वतः काढा. खताचे पैसे तुमचे जातात, तर आकडाही तुम्हाला माहीत हवा. नमुना गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे, तालुका कृषी कार्यालयात किंवा हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून द्या. गटाने सगळ्यांचे नमुने एकत्र नेले तर एकीच्या भाड्यात काम होतं. देताना विचारा, यात जस्त तपासणार का? नुसतं नत्र, स्फुरद, पालाश तपासून आलं तर आपली लाल टिकली राहूनच जाईल.

निवेदिका : शेवटचा प्रश्न. पत्रिकेत सामू ६ आला की दुकानदार चुना टाकायला सांगतात. टाकावा?

कृषी अधिकारी : सामू म्हणजे माती आंबट की विम्ल याचं माप. सात हा मधला आकडा. सहा म्हणजे थोडी आंबट. धानाच्या बांधीत पाणी भरून राहिलं की दोन-तीन आठवड्यांत सामू आपोआप सातकडे सरकतो. म्हणून धानासाठी तेवढ्यावरून चुन्याचा खर्च करू नका. त्याच जमिनीत हरभरा किंवा भाजीपाला घ्यायचा असेल, तर मात्र पत्रिका घेऊन आम्हाला भेटा.

निवेदिका : मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने पत्रिका आणि टिकल्यांचं पाकीट आणा. पत्रिका शेजारणीसारखीच निघाली, तर बांध्या रिकाम्या आहेत तोवर माती काढायचा दिवस त्याच बैठकीत ठरवा. बादली मात्र प्लास्टिकची घ्या.